बैठकीतल्या एकाच विषयापुरते थांबायचे असेल, तर होकार कसा कळवावा

कॅलेंडरवरून आलेल्या बैठकीच्या निमंत्रणाला उत्तर देताना साधारणतः तीनच पर्याय समोर असतात: होकार, नकार आणि अनिश्चित. ‘येईन, पण पावणेबारापर्यंतच’ असे सांगणारे बटण त्यात नसते. नुसते Accept दाबले, तर आयोजक तुम्हाला पूर्ण वेळ धरून चालतो, आणि Tentative दाबले, तर तुम्ही येणार की नाही हेच त्याला कळत नाही. म्हणून अट शब्दांतच लिहावी लागते, आणि तीही होकारासोबतच. होकार आज आणि अट बैठकीच्या सकाळी, असे झाले की आयोजकाच्या हातात काहीच उरत नाही.

उत्तर लिहिण्यापूर्वी विषयपत्रिका घेऊन थोडे गणित करावे. समजा, बैठक ११ ते १२.३० अशी आहे, सहा विषय आहेत, प्रत्येकाला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि तुमचा संबंध फक्त चौथ्या विषयाशी, म्हणजे खरेदीच्या प्रस्तावाशी आहे. तुम्हाला ११.४५ ला निघायचे आहे. पहिल्या तीन विषयांतच पाऊण तास जातो, म्हणजे तुमचा विषय सुरू होईल नेमका तुम्ही उठाल तेव्हा. ‘मला थोडे लवकर निघावे लागेल’ एवढेच कळवले असते, तर ही अडचण बैठकीतच उघडी पडली असती. तोच विषय दुसऱ्या क्रमांकावर घेतला, तर तो ११.१५ ला सुरू होतो आणि पहिला विषय पंधरा मिनिटे लांबला तरी ११.४५ च्या आत संपतो. मागणी करायची ती या बदलाची. उत्तर साधारण असे लिहावे:

“बैठकीस मी ११ वाजता उपस्थित राहीन, मात्र मला ११.४५ ला निघावे लागेल. विषय क्र. ४ वर माझे म्हणणे मांडणे आवश्यक असल्याने तो दुसऱ्या क्रमांकावर घेता येईल का? ते शक्य नसल्यास मी लेखी टिपण आदल्या दिवशी पाठवीन आणि चर्चेत माझे सहकारी उत्तरे देतील. दोहोंपैकी काय सोयीचे आहे, ते कृपया उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे.”

यात निघण्याची वेळ घड्याळाची आहे, ‘साधारण’ नाही; आणि निर्णय आयोजकाकडे सोपवलेला आहे. माझ्या मते हा दुसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण क्रम बदलल्याने दुसऱ्या कोणाची तरी गैरसोय होऊ शकते आणि ती फक्त आयोजकालाच दिसते. निघण्याचे कारण एका वाक्यात सांगितले तरी चालते, न सांगितले तरी चालते. लांबलचक कारण मात्र वाद घालण्याचे आमंत्रण ठरते. पर्यायात सहकाऱ्याचा उल्लेख करण्याआधी त्याची संमती घ्यावी, हे वेगळे सांगायला नकोच.

हा मजकूर कॅलेंडरच्या उत्तरात लिहिता येतो: आउटलुकमध्ये Edit the Response before Sending आणि गूगल कॅलेंडरमध्ये Add note हा पर्याय त्यासाठीच आहे. परंतु पुष्कळ आयोजक फक्त किती होकार आले एवढेच पाहतात, टीप उघडत नाहीत. त्यामुळे तोच मजकूर स्वतंत्र ईमेलनेही पाठवावा. उत्तर आले नाही, तर अट मान्य झाली असे समजू नये. आदल्या दिवशी एकदा फोन करून विचारावे.

ऑनलाइन बैठकीत फक्त एका विषयापुरते यायचे असेल, तर ठरलेल्या मिनिटावर विसंबू नये, कारण विषय पुढेमागे होतातच. आधीचा विषय संपत आला की संदेश पाठवायला सचिवांना सांगून ठेवावे, आणि आपण कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत मोकळे आहोत हे त्यांना सांगावे.

प्रत्यक्ष बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्षांना एका वाक्यात आठवण करून द्यावी; मग उठताना चर्चा थांबवून निरोप घ्यावा लागत नाही.

जिथे मतदान होऊन ठराव होतात, त्या बैठकीत आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी: आपण गेल्यावर गणपूर्ती टिकते का? गणपूर्तीसाठी पाच जण लागत असतील आणि पाचच येणार असतील, तर तुमच्या जाण्याने पुढचे ठराव अडू शकतात. गणपूर्ती फक्त सुरुवातीला पाहायची की शेवटपर्यंत, हे त्या संस्थेच्या नियमांवर अवलंबून असते. अशा वेळी अट घालण्यापेक्षा बैठकीची वेळ बदलण्याची विनंती करावी, आणि तेही जमत नसेल तर वेळीच स्पष्ट नकार कळवावा. गणपूर्तीची अडचण नसेल, तर निघताना आपली वेळ इतिवृत्तात नोंदवायला सचिवांना सांगावे. ती नोंद नसेल, तर ११.४५ नंतर झालेल्या ठरावांच्या वेळीही तुम्ही हजर होता, असाच इतिवृत्ताचा अर्थ होतो.