सगळे आकडे यायला किती फेऱ्या लागतात? या चुका टाळा

डब्यात ० ते ९ अशा दहा चिठ्ठ्या आहेत. एक काढायची, आकडा वहीत लिहायचा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा. दहाही आकडे एकदा तरी दिसायला किती फेऱ्या लागतील? घाईतला माणूस पंधरा-वीस म्हणून मोकळा होतो. खरी सरासरी आहे २९.२९.

गफलत होते ती सुरुवातीच्या वेगामुळे. पहिले सात आकडे सरासरी अकराच फेऱ्यांत येतात, म्हणून वाटतं की आणखी चार-पाच फेऱ्यांत काम संपेल. पण तीन आकडे उरले की नवा मिळायला सरासरी १०/३ फेऱ्या लागतात, दोन उरले की ५ आणि शेवटच्या एकट्यासाठी तब्बल १०. म्हणजे शेवटच्या तिघांनाच अठराच्या वर फेऱ्या जातात. त्यामुळे वहीत नुसते आकडे लिहून भागत नाही. प्रत्येक नवा आकडा कितव्या फेरीला आला तेही शेजारी लिहावं, मग हे अंतर कसं वाढत जातं ते दिसतं.

सरासरीला हमी समजणं ही त्याहून महाग चूक. समजा, नवी पेठेतल्या एका दुकानदाराने प्रत्येक खरेदीवर दहापैकी एक कुपन ठेवलं, पूर्ण संचावर सोलापुरी चादर फुकट. गिऱ्हाईक तीस खरेद्यांचा हिशोब धरतं. पण तीस खरेद्यांनंतरही शंभरातल्या सुमारे ३७ जणांचा संच अपुराच असतो. नव्वद टक्के खात्री हवी असेल तर ४४ धराव्या लागतात. आणि हे सगळी कुपनं सारख्या प्रमाणात असतील तरच. एखादं कुपन पन्नासात एकदाच निघत असेल, तर त्या एकट्यासाठीच सरासरी पन्नास खरेद्या लागतील.

भिशीचा दाखला इथे देऊ नका. तिथे निघालेलं नाव परत डब्यात जात नाही, दहा महिन्यांत दहाही जणांचा नंबर लागतोच.

"पंधरा फेऱ्या झाल्या, आता ७ येणारच," हेही सोडा. डब्याला मागचं काही आठवत नाही. पुढची सरासरी वाट अजून दहाचीच.

उलट टोकाला संशयी मंडळी. ४४ फेऱ्यांत ४ आला नाही की डबा खोटा! आधीच ४ वर बोट ठेवलं असतं, तर असं शंभरात एकदाच घडतं आणि संशय रास्त ठरतो. पण न आलेला आकडा मागाहून शोधून काढला असेल, तर दहापैकी कुठला ना कुठला आकडा ४४ फेऱ्यांत न येण्याची शक्यता साडेनऊ टक्के आहे. एवढ्यावरून आयोजकाची गचांडी धरू नये. शंका असेल तर आकडा आज ठरवा, जुन्या फेऱ्या बाजूला ठेवा आणि नव्याने ४४ मोजा.