डिफरन्स अ‍ॅम्प्लिफायर आणि चार रेझिस्टर : या चुका टाळा

लोड काढलाय, शंटमधून काहीच करंट जात नाहीये, तरी डिस्प्ले चार-पाच अँपिअर दाखवतोय. रबाळे-महापे एमआयडीसीत 24 व्होल्टच्या पॅनेलसाठी करंट मोजायचं बोर्ड घरच्या घरी करणाऱ्यांकडून ही तक्रार बरेचदा येते, आणि पहिला संशय ऑपअँपवरच जातो. मग तो बदलतात, दुसऱ्या दुकानातून आणून बसवतात, रीडिंग थोडं इकडेतिकडे होतं पण जात नाही. कारण बहुतेक वेळा चूक त्याच्या भोवतीच्या चार रेझिस्टरमध्ये असते.

डिफरन्स अ‍ॅम्प्लिफायरचं एकच सर्किट धरून चालू. 24 व्होल्टच्या प्लस लाइनमध्ये 10 मिलीओमचा शंट, म्हणजे 10 अँपिअरला 100 मिलिव्होल्ट. शंटच्या एका टोकाकडून R1 ऑपअँपच्या मायनस पिनला, तिथून R2 आउटपुटला, दुसऱ्या टोकाकडून R3 प्लस पिनला, तिथून R4 ग्राउंडला. R1 आणि R3 10 के, R2 आणि R4 100 के, गेन 10, म्हणजे 10 अँपिअरला आउटपुट 1 व्होल्ट. ऑपअँप LM358, सप्लाय त्याच 24 व्होल्टवरून. कागदावर एकदम ओके.

पहिली चूक इथेच होते, की 1 टक्क्याचे रेझिस्टर लावलेत म्हणजे एरर 1 टक्का येईल असं धरून चालायचं. गेनच्या बाबतीत ते साधारण चालतं (वर्स्ट केस 2 टक्के धरा), पण कॉमन-मोडच्या, म्हणजे दोन्ही इनपुटवर सारख्याच असलेल्या व्होल्टेजच्या बाबतीत अजिबात नाही. दोन्ही टोकांवर जो 24 व्होल्ट बसलाय तो आउटपुटमधून पूर्ण कटायला R2/R1 आणि R4/R3 हे दोन रेशो तंतोतंत सारखे लागतात, आणि चारपैकी प्रत्येक रेझिस्टर आपापल्या परीने ते बिघडवतो. चौघेही नको त्या दिशेला गेले तर सीएमआरआर, म्हणजे सिग्नलच्या मानाने कॉमन-मोड किती पटीने दाबला जातो तो आकडा, असा येतो :

```
CMRR = (1 + G) / (4 × t)
```

G म्हणजे गेन, t म्हणजे टॉलरन्स, 1 टक्क्याला 0.01. आपल्याकडे 11 भागिले 0.04, म्हणजे 275, डीबीत जेमतेम 49. आता 24 व्होल्टला 275 ने भागा, 87 मिलिव्होल्ट येतात. शंटचं पूर्ण सिग्नल 100 मिलिव्होल्ट आहे आणि खोटं सिग्नल 87, म्हणजे लोड नसताना 8.7 अँपिअर दिसू शकतात! आणि एरर उलट दिशेला गेली तर अजून वाईट, कारण सिंगल सप्लायवर आउटपुट शून्याखाली जाऊ शकत नाही, मग 8.7 अँपिअरपर्यंत डिस्प्ले शून्यच दाखवत बसतो आणि सगळ्यांना वाटतं बोर्ड मेलंय. एकाच रीळमधले रेझिस्टर असतील तर प्रत्यक्षात एरर याहून बरीच कमी निघते, म्हणूनच चार-पाच अँपिअरच्या किंवा त्याहून कमीच्या तक्रारी जास्त ऐकू येतात, पण डिझाइन करताना त्या नशिबावर विसंबू नका.

0.1 टक्क्याचे लावले तर वर्स्ट केस 0.87 अँपिअरवर येतो. पण मग LM358चा स्वतःचा सीएमआरआर पण हिशोबात घ्यावा लागतो, डेटाशीटमध्ये तो किमान 65 डीबी आहे, आणि तो तुमच्या महागड्या रेझिस्टरच्या बरोबरीचाच झाला.

आता इनपुट रेझिस्टन्स. "मायनसकडे 10 के, प्लसकडे 110 के, मग इनपुट अनबॅलन्स आहे" असं म्हणून काही जण R3 आणि R4 खाली आणतात, 909 ओम आणि 9.09 के, म्हणजे दोन्हीकडे 10 के दिसेल. हे करू नका. मायनसकडचे 10 के फक्त दुसरं इनपुट ग्राउंडला असताना खरे असतात. दोन्ही इनपुटवर सारखे 24 व्होल्ट असताना मायनस पिन प्लस पिनच्या मागे वर जाते, आणि R1 = R3, R2 = R4 असतील तर दोन्ही बाजू सारखाच करंट ओढतात, 24 भागिले 110 के, साधारण 0.22 मिलिअँपिअर. "बॅलन्स" केल्यावर मात्र एक बाजू 0.22 आणि दुसरी 2.4 मिलिअँपिअर ओढते, म्हणजे खरा अनबॅलन्स तुम्हीच तयार केला. दोन्ही इनपुटच्या मध्ये डिफरन्शियल रेझिस्टन्स R1 + R3, म्हणजे 20 के, आणि कॉमन-मोडला प्रत्येक बाजू R1 + R2. डिझाइन या दोन आकड्यांवर करायचं.

मग इनपुट रेझिस्टन्स वाढवायला R1 100 के आणि R2 1 मेग का नाही करायचे? LM358चा ऑफसेट करंट जास्तीत जास्त 50 नॅनोअँपिअर, तो 1 मेगमधून गेला की आउटपुटला 50 मिलिव्होल्ट, म्हणजे आपल्या हिशोबात अर्धा अँपिअर. शिवाय ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या भागात पावसाळ्यात बोर्डवर उरलेला फ्लक्स ओल धरतो, 1 मेगला पॅरलल 100 मेगचं लीकेज आलं तरी तो 1 टक्क्याने बदलला. शंटसारख्या कमी सोर्स रेझिस्टन्सला 10 के पुरेसे आहेत.

सोर्स रेझिस्टन्सचं गणित मात्र विसरू नका, कारण तो R1 किंवा R3 चाच भाग होतो. प्रोटेक्शन म्हणून दोन्हीकडे 100 ओम टाकले तर गेन फक्त 1 टक्का कमी होतो, पण एकाच बाजूला टाकले तर तो सरळ 1 टक्क्याचा मिसमॅच, एकट्यानेच 2.2 अँपिअर. यापेक्षा छुपी गोष्ट R4 च्या खाली होते. शून्य थोडं वर उचलायचं म्हणून R4 ग्राउंडऐवजी रेझिस्टर डिव्हायडरला जोडतात, आणि दोन 10 के चा डिव्हायडर असेल तर R4 मध्ये 5 के वाढले, 5 टक्के, म्हणजे साधारण 10.4 अँपिअरची एरर, चारही रेझिस्टर परफेक्ट असूनसुद्धा. LM358मध्ये दुसरा ऑपअँप रिकामा पडलेला असतोच, त्याचा बफर करून मग R4 ला द्या.

एरर नक्की कुठली हे ओळखायला शंट काढा, दोन्ही इनपुट एकमेकांना शॉर्ट करा, बफर केलेला 1 व्होल्ट रेफरन्स R4 खाली द्या. शॉर्ट केलेलं टोक आधी ग्राउंडला लावून आउटपुट वाचा, मग 24 व्होल्टला लावून. समजा 1.012 आणि 1.360 आले. फरक 0.348 भागिले 24, म्हणजे 0.0145, आणि गेन 10 भागिले ते, 690, साधारण 57 डीबी. फरक आहे म्हणजे कॉमन-मोडचा प्रॉब्लेम, आणि दोन्हीकडे सारखाच चुकीचा आकडा आला तर तो ऑफसेट, त्यासाठी रेझिस्टर बदलून काही होणार नाही. एक लक्षात ठेवा, इनपुटला 24 असताना पिनवर साधारण 21.9 व्होल्ट असतात आणि LM358ला सप्लायच्या किमान दीड व्होल्ट खाली राहावं लागतं (पूर्ण टेंपरेचर रेंजला दोन), म्हणजे जागा फार थोडी आहे, ऑपअँपचा सप्लाय शंटच्या लाइनपेक्षा खाली ठेवलात तर रीडिंगला काही अर्थ राहत नाही.

एकच बोर्ड असेल तर R4 च्या जागी 95.3 के आणि सिरीजमध्ये 10 के चा मल्टिटर्न ट्रिमपॉट लावा आणि दोन्ही रीडिंग सारखे येईपर्यंत फिरवा, चारही रेझिस्टरचा मिळून 4 टक्के मिसमॅच त्यात बसतो. पण हे खोलीच्या तापमानाला झालं. 100 पीपीएमचे साधे रेझिस्टर पॅनेलमध्ये 30 डिग्रीने तापले आणि एक या बाजूला तर दुसरा त्या बाजूला सरकला तर प्रत्येकी 0.3 टक्के हलतात, आणि केलेलं ट्रिमिंग गेलं. बॅच काढायची असेल तर एकाच पॅकेजमधलं मॅच्ड रेझिस्टर नेटवर्क घ्या, किंवा सरळ INA240सारखा करंट-सेन्स आयसी, तो 80 व्होल्टपर्यंतचा कॉमन-मोड घेतो आणि रेझिस्टर आतच मॅच केलेले असतात. लोडची मायनस लाइन तोडता येत असेल तर शंट तिकडे हलवा, कॉमन-मोड जवळजवळ शून्यावर येतो आणि 1 टक्क्याचे रेझिस्टर पण चालून जातात, फक्त मग लोडचा ग्राउंड 100 मिलिव्होल्टपर्यंत उचलला जातो आणि प्लस लाइन चॅसीला शॉर्ट झाली तर तो करंट शंटला दिसत नाही.