बेस कॅम्पला निघायच्या आधी बॅगेत आणि डोक्यात काय काय भरायचं

ऑक्टोबरला आपल्या परभणीतून नऊजण एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघायलेत, आणि ग्रुपवर रोज बूट कुठले, थर्मल किती, पोल एक का दोन यावरच चर्चा चालू आहे. ते सगळं घ्या, नाही म्हणत नाही. पण मी दोन वर्षांखाली जाऊन आलो तेव्हा आमच्यातल्या एकाला रात्री नऊ वाजता बॅटरीच्या उजेडात खाली आणावं लागलं, आणि तेव्हा बूट कोणत्या कंपनीचे होते हे कुणीच बघितलं नाही. म्हणून ही यादी फक्त उंची लागण्याची, म्हणजे उंचावरच्या विरळ हवेनं माणूस आजारी पडतो त्याची.

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि त्यात कोणत्या रात्री किती मीटरवर झोपणार एवढंच लिहा. दिवसा किती चढलो त्याला तेवढं महत्त्व नाही, झोपायची उंची मोजायची. परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, आणि काठमांडूवरून विमान लुकलाला उतरवतं ते थेट २८६० मीटरवर. पहिली रात्र फाकडिंगला, ते उलट खाली आहे, २६१०. दुसऱ्या दिवशी नामचे ३४४०, म्हणजे एका झटक्यात आठशे मीटर वर, म्हणूनच नामचेला दोन रात्री ठेवतात. मग तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०, गोरकशेप ५१६४ आणि बेस कॅम्प ५३६४. तीन हजाराच्या वर गेलं की रोज झोपायची उंची ५०० मीटरच्या आत वाढवायची आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र तिथंच काढायची, हा नियम या वहीवर लावून बघा. तेंगबोचे ते दिंगबोचे साडेपाचशे भरतं, दिंगबोचे ते लोबुचे पाचशे तीस. दोन्ही जास्तच, म्हणून दिंगबोचेला पण दोन रात्री पाहिजेतच. त्या मुक्कामाच्या दिवशी पडून राहायचं नाही, नामचेला वरच्या हॉटेलापर्यंत नाहीतर दिंगबोचेला नागार्जुन टेकडीवर जमेल तेवढं चढून यायचं आणि खाली येऊन झोपायचं. एखादा एजंट ‘आपण एक दिवस वाचवू’ म्हणाला की समजा तो याच दोनपैकी एक रात्र कापायलाय.

परतीचं तिकीट दोन दिवस मोकळे ठेवून काढा. सीझनमध्ये लुकलाची विमानं बऱ्याचदा काठमांडूऐवजी रामेछापवरून सुटतात आणि हवा बिघडली की सुटतच नाहीत. आमचे दोन दिवस तिथंच गेले आणि पुढं दिल्लीवरून सचखंडचं आरक्षण पक्कं होतं, मग काय, सगळ्यांनी मिळून ठरवलं की दिंगबोचेची दुसरी रात्र काढून टाकू. मी पण हो म्हणलो होतो.

आता व्यायामाचं. तुम्ही देवगिरी किल्ला आठवड्यातून दोनदा चढायलात, चांगलंय, मांड्या तयार होतील. पण उंची लागते ती फिटनेस बघून लागत नाही. हवेचा दाब कमी झाला की प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी जातो, बेस कॅम्पला तर आपल्याकडच्या जवळपास निम्मा, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवसच लागतात, दंड-बैठका काढून ते दिवस कमी होत नाहीत. उलट पळणारा माणूस भरभर वर जातो आणि दुखणं अंगावर काढतो. कळसूबाई आपल्या राज्यात सगळ्यात उंच, पण १६४६ मीटर, तिथं ही परीक्षा होतच नाही, त्यामुळं ‘मला तर कधीच काही झालं नाही’ हे वाक्य घरीच ठेवून या.

औषधांसाठी डॉक्टरकडं निघायच्या निदान महिनाभर आधी जा, आणि बीपी, दमा, हृदयाचं काही असेल तर ते आधी सांगा. डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, बचावासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, वर चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाच्या औषधाची अ‍ॅलर्जी असलेल्यानं ते डॉक्टरला आवर्जून सांगायचं. घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा, बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं आणि सोड्याची बाटली बेचव लागते, हे माहीत नसलं की वर गेल्यावर माणूस घाबरतो. ही गोळी दुखणं झाकत नाही, सवय व्हायला मदत करते, पण घेतली म्हणून दोन टप्पे एका दिवसात उडवता येत नाहीत. डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही दोन वेगळी, ती इमर्जन्सीची, कधी आणि किती हे डॉक्टरकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि चिठ्ठी औषधासोबतच ठेवा. कापराची पुडी हुंगायला घेऊन जाणारे आहेत आपल्यात, वास घ्या, त्यानं काही होत नाही. वर मिळणारं लसणाचं सूप पण तसंच, गरम असतं म्हणून प्या. दारू आणि झोपेची गोळी मात्र नाहीच, रात्रीचा श्वास त्यानं अजून मंद होतो.

ऑक्सिमीटर घ्यायचा तर घ्या, पण तो आकडा बघून झोपमोड करून घेऊ नका. वर गेल्यावर तो सगळ्यांचाच खाली येतो, आणि हात गार असतील तर काहीही दाखवतो.

आता खरी गोष्ट, रोज संध्याकाळी जेवायच्या आधी एकमेकांना चार प्रश्न विचारायचे. डोकं दुखायलंय का, जेवण जातंय का किंवा मळमळतंय का, नेहमीपेक्षा जास्त गळून गेल्यासारखं वाटतंय का, चक्कर येते का. डोकेदुखी आणि बाकी तीनपैकी एक जरी असलं तरी ती उंचीच समजायची, अपचन का थंडी हा वाद घालत बसायचं नाही. साधारण नवीन उंचीवर पोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतं, म्हणजे दुपारी टकाटक असलेला माणूस रात्री पडतो. रात्री श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येणं हे मात्र तिकडं बहुतेकांना होतं, एकट्या त्यावरून घाबरू नका. कोरडा खोकला पण धुळीनं आणि थंड हवेनं येतोच.

लक्षण दिसलं तर नियम एकच, त्या उंचीवरून वर जायचं नाही. पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, तिथंच थांबा, दुखणं गेलं तर दुसऱ्या दिवशी पुढं. एका दिवसात कमी झालं नाही किंवा वाढलं तर खाली. गोळीनं डोकं दुखायचं राहिलं म्हणून वर चढणं हाच सगळ्यात जास्त लोकांचा फसायचा रस्ता आहे.

आमच्या दाजींचं असंच झालं. जालन्याचे, वय ४६, रोज दहा किलोमीटर पळणारे, आख्ख्या ट्रेकला सगळ्यांच्या पुढं. दिंगबोचेला संध्याकाळी डोकं दुखायला लागलं, गुपचूप गोळी खाल्ली आणि दालभात अर्धा ठेवून ‘पोट भरलंय’ म्हणले, आता जालन्याचा माणूस भात ठेवतो का, पण आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. सकाळी लोबुचेला निघालो तर हा माणूस तासभर मागं. पोचल्यावर उलटी झाली, आम्ही म्हणलो थंडी बाधली. नऊच्या सुमारास बाहेर जायला बूट घालायला बसले आणि त्यांना लेस बांधता येईना, बोटं फिरायलीत पण गाठ बसेना. ‘दाजी, काय झालं?’ विचारलं तर हसले नुसते.

आमचा गाईड उठला आणि त्यांना जमिनीवरच्या फळीच्या रेषेवर चालायला लावलं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत. तिसऱ्या पावलाला ते भिंतीवर गेले. ही परीक्षा घरी सगळ्यांनी करून बघा, अंगणात चुन्याची रेघ मारा, म्हणजे धडधाकट असताना कसं जमतं ते कळेल. ती जमत नसेल, किंवा माणूस बरळायलाय, ओळखीच्या गोष्टी चुकवायलाय, विचारल्यावर उत्तर उशिरा देतोय, तर मेंदूला सूज यायलीय. मग सकाळ बघायची नाही, हेलिकॉप्टरची वाट बघायची नाही, झोपू द्यायचं नाही. आमच्या चिठ्ठीवर डेक्सामेथासोन आधी ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४ असं होतं, पहिली गोळी दिली आणि दोघांनी दोन्हीकडून धरून खाली काढलं, ठुकलाच्या उतारावर तर पोर्टरनं पाठीवर घेतलं. ४९४० वरून फेरिचेला ४३७१, रात्रीचे दीड वाजले. तिथं सीझनमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं छोटं क्लिनिक असतं, डॉक्टर आणि ऑक्सिजन मिळाला. सकाळी दाजी म्हणले, ‘मी इथं कधी आलो?’ जवळपास पावणेसहाशे मीटर खाली आल्याचा एवढा फरक, तरी डॉक्टरनं त्यांना पुढं नामचेपर्यंत उतरवलंच, कारण किमान हजार मीटर किंवा लक्षणं जाईपर्यंत, जे जास्त असेल ते.

दुसरा धोका छातीचा, आणि त्याला कधी कधी डोकं दुखतच नाही. चढताना सगळ्यांनाच धाप लागते, पण थांबल्यावर पाच मिनिटांत ती बसते. बसल्या जागी, आडवं पडल्यावर पण धाप जात नसेल, एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, खोकल्यातून फेस किंवा गुलाबी थुंकी येत असेल, तर फुप्फुसात पाणी भरायलंय. बऱ्याचदा नवीन उंचीवरच्या दुसऱ्या रात्री. याला पण तातडीनं खाली, ऑक्सिजन मिळाला तर लावून, अंग गरम ठेवून, आणि शक्यतो चालवत नाही, घोड्यावर नाहीतर पाठीवर, कारण श्रमानं आणि थंडीनं ते वाढतं.

यासाठी निघायच्या आधीच दोन माणसं ठरवून ठेवा, कुणाला खाली न्यायची वेळ आली तर ती त्याच्यासोबत वळणार. आजारी माणसाला एकट्याला खाली पाठवायचं नाही, लॉजमध्ये मागं ठेवून बाकीच्यांनी बेस कॅम्पला जायचं नाही. त्या दोघांचा ट्रेक गेला तर पैसे सगळ्यांनी वाटून द्यायचे, हे आत्ताच लिहून घ्या, वर गेल्यावर कुणी बोलत नाही. विमा काढताना किती मीटरपर्यंत चालतो ते वाचा, काही चार हजारावर बंद होतात, आणि हेलिकॉप्टर त्यात आहे का ते पण. थोडी नेपाळी रोकड वेगळी, घोडा नाहीतर पोर्टर रात्री ठरवायला.

औषधाची पुडी, चिठ्ठी आणि डोक्याला लावायची बॅटरी छोट्या बॅगेत सगळ्यात वर. मोठी बॅग पोर्टरकडं असते आणि तो तुमच्या दोन तास पुढं असतो.