दहा तासांच्या मॉड्यूलचा एका पानावर प्लॅन कसा बसवायचा

पुण्यात नोकरी करून ऑनलाइन कोर्स करणाऱ्या बहुतेकांचं गणित सारखंच असतं, कोथरूडवरून हिंजवडीला जाऊन परत येईपर्यंत आठ वाजतात, मग जेवण, मग लॅपटॉप उघडला की समोर बावीस व्हिडिओंची यादी. आणि प्लॅन म्हणून आपण काय करतो तर तीच यादी वहीत उतरवतो, 'सोमवार व्हिडिओ १ ते ३'. तो प्लॅन नाही, ती अनुक्रमणिका झाली.

उदाहरण म्हणून डेटाबेसच्या कोर्समधलं डिझाइनचं मॉड्यूल घेऊ. समजा २२ व्हिडिओ, एकूण १० तास.

आधी शेवट बघा. पहिला व्हिडिओ लावायच्या आधी असाइनमेंट आणि जुने प्रश्न उघडा, सोडवायचे नाहीत, नुसतं बघायचं की करायला काय सांगतात. एनपीटीईएलच्या बहुतेक कोर्सना २५ मार्क असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे असतात, त्यामुळे प्रश्न कसे येतात हे आधी कळलेलं बरं. या मॉड्यूलमध्ये साधारण चारच कामं सापडतील: क्लोजर काढून कँडिडेट की शोधणे, टेबल कुठल्या नॉर्मल फॉर्ममध्ये आहे ते सांगणे, टेबल नीट तोडणे, आणि ट्रान्झॅक्शनचं शेड्यूल सिरियलायझेबल आहे का ते तपासणे. आता व्हिडिओ या चार ढिगांत टाका, जे कुठेच बसत नाहीत (ओळख, इतिहास वगैरे) ते वेगळे ठेवा.

मग तास मोजा, आणि इथे स्वतःशी खोटं बोलू नका. अर्ध्या तासाचा व्हिडिओ थांबवत, उदाहरण स्वतः करत बघितला की तास जातोच, म्हणून कामाचे व्हिडिओ दुप्पट धरा. ओळखीचे तीन व्हिडिओ १ तास २० मिनिटांचे असतील तर ते दीडच्या स्पीडने, नोट्स न काढता, पाऊण-एक तासात उरकतात. उरलेले ८ तास ४० मिनिटं म्हणजे दुपटीने १७ तास २० मिनिटं. तुमच्याकडे आठवड्यात चार संध्याकाळी एकेक तास आणि रविवारी दोन, म्हणजे सहा तास. तीन आठवड्यांत १८ तास होतात, लागतात सव्वाअठरा, म्हणून चार आठवडे धरायचे आणि चौथ्यात मुद्दाम नवीन विषय टाकायचा नाही.

टार्गेट असं लिहा की ते जमलं की नाही हे कळेल. 'नॉर्मलायझेशन पूर्ण करणे' हे कधी पूर्ण झालं ते कोणी ठरवायचं? त्याऐवजी 'नोट्स न बघता कँडिडेट की काढता येते' असं लिहा आणि शेजारी एक चाचणीचा प्रश्न. पहिल्या आठवड्यासाठी हा चालेल:

```
R(A,B,C,D)
A → B
B → C
```

A वरून B, B वरून C मिळतं पण D कुठूनच मिळत नाही, म्हणून कँडिडेट की AD. रविवारी हे दहा मिनिटांत कोऱ्या कागदावर आलं तर पुढे जा. नाही आलं तर पुढचे व्हिडिओ लावूच नका, कारण सेकंड नॉर्मल फॉर्मपासून बॉयस-कॉडपर्यंत सगळं की सापडण्यावरच उभं आहे. याच टेबलात A → B ही पार्शल डिपेन्डन्सी आहे, A हा कीचा फक्त एक तुकडा, म्हणून सेकंड नॉर्मल फॉर्म तिथेच मोडतो, पण की चुकली तर हे दिसतच नाही.

आता पान भरा, ए-फोर आडवं धरून:

आठवडा १: ओळख + क्लोजर. टार्गेट: की काढता येते.
आठवडा २: सेकंड, थर्ड नॉर्मल फॉर्म. टार्गेट: टेबल बघून कुठे मोडतं ते कारणासह सांगता येतं.
आठवडा ३: बॉयस-कॉड, तोडणं, ट्रान्झॅक्शन. टार्गेट: शेड्यूलचा प्रिसिडन्स ग्राफ काढून सायकल ओळखता येते.
आठवडा ४: उरलेलं + जुने प्रश्न, घड्याळ लावून.

नॉर्मल फॉर्मचा ढीग सहा तासांत मावत नाही म्हणून बॉयस-कॉड तिसऱ्यात ढकललाय, मग तिसरा फुगतो आणि ट्रान्झॅक्शनचा शेवटचा व्हिडिओ चौथ्यात जातो. तसं जाऊ द्या, चौथा रिकामा ठेवला तो यासाठीच.

पानावर व्याख्या लिहायचा मोह होईल, त्या वहीत. पानावर फक्त टार्गेट, व्हिडिओ नंबर, चाचणीचा प्रश्न आणि रविवारी टिक मारायला एक चौकोन. अक्षर बारीक करून बसवावं लागत असेल तर ढीग जास्त झालेत, दोन एकत्र करा.

गणपतीत किंवा रिलीजच्या आठवड्यात चार संध्याकाळी मिळणार नाहीत हे आधीच माहीत असतं, तर त्या आठवड्यात सहाऐवजी दोन तास लिहा आणि शेवटची तारीख आजच पुढे न्या. आणि सलग दोन रविवार चौकोन रिकामा राहिला तर जास्त जागून भरून काढायला जाऊ नका, तास परत मोजा, दुप्पट धरलेलं तुम्हाला बहुतेक अडीचपट लागतंय.