थरथरत्या हातांनी नातीला कागदी होडी कशी शिकवावी

माझे वडील एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झाले आणि त्यानंतर चार वर्षांनी त्यांना पार्किन्सन असल्याचे निदान झाले. गेल्या पावसाळ्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीने त्यांच्याकडे होडीचा हट्ट धरला. पहिल्या दिवशी होडी झाली नाही; पाचव्या दिवशी झाली. मधल्या दिवसांत आम्ही जे बदलले, ते येथे क्रमाने सांगते.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. अडचण थरथरीचीच असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु पार्किन्सनमधील कंप बहुधा हात स्वस्थ असताना जास्त दिसतो आणि हात कामाला लागला की पुष्कळदा कमी होतो. वडिलांना खरा अडथळा होता तो हालचाली मंद आणि लहान होण्याचा: घडी मध्यापर्यंत नेली असे त्यांना वाटे, पण कोपरा दोन बोटे अलीकडेच थांबलेला असे. शिवाय बोलणे आणि घडी घालणे एकाच वेळी जमत नसे. बोलू लागले की हात थांबत.

म्हणून आधी वेळ ठरवावी. वडिलांच्या गोळीचा परिणाम साधारण तासाभरात जाणवू लागतो, म्हणून चारची गोळी घेतल्यावर आम्ही पाच वाजता बसत असू आणि वीस मिनिटांत उठत असू. होडीसाठी गोळीची वेळ किंवा मात्रा मात्र बदलू नये. ते डॉक्टरांचे काम आहे.

कागद मोठा घ्यावा. नेहमीचा ए-४ कागद मुलीला पुरतो, पण आजोबांसाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे ए-३ आकाराचा घ्यावा, कारण मोठ्या कागदावर हालचालही मोठी करावी लागते आणि ती त्यांना अधिक सहज जमते. परीक्षेच्या पॅडच्या चिमट्यात कागदाची एक कड अडकवली की पहिल्या घड्यांना तो सरकत नाही. दोघांनी समोरासमोर न बसता शेजारी बसावे, नाहीतर मुलीला डावे-उजवे उलटे दिसते. आजोबांचे दोन्ही कोपर टेबलावर टेकलेले असावेत.

आता घड्या. कागद आडवा दुमडून अर्धा करावा आणि बंद घडी वरच्या बाजूला ठेवावी. ती खाली राहिली तर पुढे टोपी उघडीच पडते; आमची पहिली होडी याच चुकीमुळे फसली. मग कागद उभा दुमडून उघडावा, म्हणजे मधली रेघ मिळते. या रेघेवरून आम्ही लाल पेन्सिल फिरवली. वरचे दोन्ही कोपरे लाल रेघेला भिडवायचे, एवढेच लक्ष्य डोळ्यांसमोर असल्याने वडिलांचा हात अलीकडे थांबेनासा झाला. घडी नखाने न दाबता पट्टीच्या कडेने किंवा तळव्याने दाबावी. खाली उरलेली पट्टी पुढून आणि मागून वर दुमडली की टोपी तयार होते.

शिकवताना आजोबांनी आधी सांगावे, मग गप्प राहून करावे, मग नातीने करावे. "हं, आता तू कर, बाळा," एवढे म्हणून वडील दोन्ही तळवे टेबलावर ठेवीत. हात अडकलाच तर ओढाताण न करता थांबावे. मुलगी "एक, दोन, तीन" मोजत असे आणि तीनवर ते पुन्हा सुरू करीत. दुसऱ्या दिवशी तिने मला हळूच विचारले, "आजोबा रागावलेत का?" या आजारात चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, हे तिला आधीच सांगायला हवे होते. नंतर वडिलांनीच तिला सांगितले, "माझा चेहरा हसायला उशीर करतो, मी आतून लगेच हसतो."

सर्वांत अवघड पायरी टोपी उघडून चौकोन करण्याची आहे. दोन्ही अंगठे टोपीच्या पोटात घालून ती फाकवावी, तिची दोन टोके एकमेकांजवळ आणावीत आणि पट्टीचे कोपरे एकाखाली एक खोचावेत. हे खोचणे पार्किन्सनच्या बोटांना बहुधा जमत नाही. ते नातीकडे द्यावे, तिची बोटे तेथे नीट शिरतात. आजोबांनी चौकोन तळव्याखाली धरून ठेवावा. मग चौकोनाची उघडी टोके पुढून आणि मागून वरच्या टोकापर्यंत दुमडावीत, मिळालेला त्रिकोण पूर्वीसारखाच उघडून पुन्हा चौकोन करावा, आणि वरची दोन बाहेरची टोके धरून दोन्ही बाजूंना सावकाश ओढावीत. एक टोक आजोबांनी, दुसरे नातीने धरले तरी चालते. आमच्याकडे तसेच झाले. ओढताना मधला सुळका वर येत नसेल, तर चौकोन उलटा धरलेला असतो.

होडी पाण्यात एका बाजूला कलत असेल, तर तळ आतून बोटाने थोडा पसरावा. आमची अंगणात साचलेल्या पाण्यात आधी कलली. मुलीने तळ पसरला आणि ती पागोळ्यांखालून नीट पुढे गेली. ज्या दिवशी वडिलांचे हात चालत नाहीत, त्या दिवशी ते फक्त सांगतात आणि ती घड्या घालते.