विम्याचे पैसे टॅक्स फ्री समजून बसलात? आधी बाँडवरचे दोन आकडे पाहा, या चुका टाळा

आमच्या कारंज्याकडचे एक मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, दिवाळीनंतर पासबुक घेऊन आले. मे २०२५ मध्ये त्यांची पॉलिसी पिकली. कंपनीच्या कागदावर ५,४०,००० लिहिलेले अन् खात्यात जमा ५,३५,२००. "हे ४,८०० कायचे कापले भाऊ? टॅक्स फ्री हाये म्हणून सांगितलं होतं ना बाप्पा त्यानं!" त्यांचं दुखणं त्या ४,८०० चं होतं. मी बाँड मागितला, पहिलं पान पाहिलं अन् सांगितलं की मास्तर, ४,८०० चं सोडा, खरा टॅक्स तर अजून लागायचाच आहे.

झालं असं होतं की २०१५ मध्ये त्यांनी वडिलांच्या वाट्याची थोडी कोरडवाहू विकली, हातात पैसा आला अन् एजंटनं तीन लाखाची सिंगल प्रीमियम पॉलिसी करून दिली, दहा वर्षांची. एकदाच भरा, मग विसरून जा. मास्तर खरंच विसरले. बाँडवर मात्र दोन आकडे होते: प्रीमियम ३,००,००० अन् विमा रक्कम ३,७५,०००. सगळी भानगड या दोन आकड्यांत आहे, आणि पहिली चूक हीच की हे दोन आकडे कोणी एकमेकांशेजारी ठेवून पाहतच नाही.

मास्तरांच्या पैशाला लागू असलेला १९६१ चा आयकर कायदा काय म्हणतो ते सोप्यात सांगतो, पुढची कलमं त्यातलीच. १ एप्रिल २०१२ किंवा त्यानंतर निघालेली पॉलिसी असेल अन् मॅच्युरिटीचे पैसे करमुक्त पाहिजे असतील तर कोणत्याही वर्षाचा प्रीमियम विमा रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे विमा रक्कम प्रीमियमच्या निदान दहा पट पाहिजे. १ एप्रिल २००३ ते ३१ मार्च २०१२ मधल्या पॉलिसीला ही मर्यादा २० टक्के होती, म्हणजे पाच पट. त्याच्याही आधीच्या जुन्या पॉलिसींना ही अटच नव्हती, म्हणून आपल्या बाबांच्या वेळचे लोक "विम्याचा पैसा बिनटॅक्सचा" म्हणायचे ते तेव्हा बरोबरच होतं. तेच वाक्य एजंट लोक आजही जसंच्या तसं सांगत फिरतात. (अपंग व्यक्ती किंवा कायद्यात दिलेले काही गंभीर आजार असलेल्या व्यक्तीच्या जिवावर १ एप्रिल २०१३ नंतर काढलेली पॉलिसी असेल तर १५ टक्के चालतात.)

मास्तरांचं गणित लावा. ३,७५,००० चे दहा टक्के ३७,५०० होतात अन् त्यांनी भरले तीन लाख. म्हणजे विमा रकमेच्या ऐंशी टक्के. विमा प्रीमियमच्या सव्वा पटच होता, पाहिजे होता दहा पट. मग दोन ठिकाणी मार बसतो. एक म्हणजे पैसे भरले त्या वर्षी ८०सी मध्ये फक्त ३७,५०० ची सूट बसत होती, ८०सी ची एकूण मर्यादा दीड लाख असली तरी, अन् मास्तरांनी तर तीही लावली नव्हती. दुसरं जास्त मोठं: १०(१०डी) ची मॅच्युरिटीवरची सूट पूर्णच गेली. ती अर्धीमुर्धी जात नाही. ८०सी मध्ये दहा टक्क्यांपर्यंतचं तरी मिळतं, मॅच्युरिटीला एक तर पूर्ण माफ नाहीतर काहीच नाही.

आता एजंटनं सव्वा पट का लिहिलं, मुद्दाम फसवलं का? तसं मला वाटत नाही. सिंगल प्रीमियमच्या पुष्कळ प्लॅनमध्ये फॉर्मवरच दोन पर्याय असतात, सव्वा पट अन् दहा पट. दहा पट घेतला तर तीन लाखावर तीस लाखाचा विमा होतो, मग मेडिकल तपासण्या, उत्पन्नाचे कागद, आणि विम्याचा खर्च जास्त कापला जातो म्हणून शेवटी हातात येणारा आकडा लहान दिसतो. सव्वा पटात आकडा मोठा दिसतो, सही लवकर होते. फक्त त्या मोठ्या आकड्यातून टॅक्स वजा करून कोणी दाखवत नाही. फॉर्मवर टिक करायच्या आधी एवढंच विचारा, "दहा पटवाला पर्याय आहे का, अन् त्याचे शेवटी किती भेटतील?"

दुसरी चूक, टीडीएस कापला म्हणजे टॅक्स भरला असं समजणं. सूट नसलेल्या पॉलिसीचे वर्षात एक लाख किंवा जास्त मिळाले की मास्तरांच्या वेळी कंपनी कलम १९४डीए खाली टीडीएस कापायची, १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के, त्याआधी ५ होता. तो पूर्ण रकमेवर नाही, फायद्यावर. मास्तरांचा फायदा ५,४०,००० वजा ३,००,००० म्हणजे २,४०,०००, त्याचे २ टक्के ४,८००. बरोबर कापले. पण ते बयाण्यासारखं आहे, हिशोब नंतर होतो. हे २,४०,००० "इतर उत्पन्न" म्हणून पगारात मिळवायचे असतात. अन् लपवून काही फायदा नाही, incometax.gov.in वर स्वतःचं एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडं आलेल्या तुमच्या नोंदींचा तक्ता, उघडलं की ती नोंद तिथं बसलेलीच असते. उलट ओळखायची खूण म्हणूनच तिचा उपयोग करा: त्या वर्षीच्या एआयएस मध्ये १९४डीए दिसलं म्हणजे कंपनीनं तुमची पॉलिसी टॅक्सवाली धरली आहे.

मास्तरांनी शाळेत टॅक्सची जुनी पद्धत सांगून ठेवलेली, वर्षानुवर्षं तीच. पगार ८,२२,५००. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, व्यवसाय कर २,५०० आणि ८०सी चे दीड लाख गेले की उरतात ६,२०,०००. त्यात हे २,४०,००० टाकले तर ८,६०,०००. एवढा भाग वीस टक्क्यांच्या पट्टीत येतो म्हणजे ४८,००० अन् वर ४ टक्के सेस, ४९,९२० फक्त या पॉलिसीपायी. मास्तर खुर्चीतून उठून दारात जाऊन उभे राहिले, मग परत आले.

मग मी नव्या पद्धतीनं लावून पाहिलं, अन् तिसरी चूक इथंच आहे जी बरेच नोकरीवाले करतात: पद्धत सवयीनं निवडतात. नव्या पद्धतीत ८०सी नाही, कबूल. पण ८,२२,५०० मधून ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन गेलं की ७,४७,५००, त्यात २,४०,००० मिळवले तरी ९,८७,५००. अन् आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत बारा लाखापर्यंतच्या अशा साध्या उत्पन्नावर ८७ए ची रिबेट लागून टॅक्स शून्य होतो. जुन्या पद्धतीत सगळा मिळून ८७,८८० बसत होता, इथं काहीच नाही, अन् ते ४,८०० पण रिफंडमध्ये परत. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला दरवर्षी रिटर्न भरताना पद्धत बदलता येते, शाळेत आधी काही का सांगितलेलं असेना. तरी मी म्हटलं, फेब्रुवारीच्या पगारातून कापायच्या आधी हेडमास्तरांना लिहून द्या, नाहीतर कापलेल्याचा रिफंड येईपर्यंत वाट पाहावी लागंल.

याचा अर्थ सगळ्यांनाच असं सुटता येईल असं नाही हां. मास्तरांचं उत्पन्न बारा लाखाच्या आत होतं म्हणून निभावलं. वरिष्ठ वेतनश्रेणी, वरून भाडं, अशा माणसाला नव्या पद्धतीतही भरावंच लागंल. आणि एक उलटा गैरसमज पण ऐकला, की नवी पद्धत घेतली तर मॅच्युरिटीचीही सूट जाते. नाही जात. अटीत बसणारी पॉलिसी दोन्ही पद्धतींत करमुक्तच आहे, नव्या पद्धतीत जाते ती फक्त प्रीमियमवरची ८०सी.

शेतकऱ्यांचं थोडं वेगळं. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून त्यातून भरलेली पॉलिसी पण करमुक्त, हे काही खरं नाही. कापसाच्या चुकाऱ्यातून भरा नाहीतर पगारातून, दहा पटीची अट तीच. पण शेतीशिवाय दुसरं काही उत्पन्नच नसेल अन् पॉलिसीचा फायदा मूळ सूट मर्यादेच्या आत असेल तर टॅक्स लागत नाही. मास्तरांसारखीच पॉलिसी २०२५ मध्ये पिकलेला शेतकरी पैसे मिळायच्या आधी कंपनीत फॉर्म १५जी, म्हणजे मला टॅक्स लागत नाही असं लिहून देणारा कागद, देऊ शकत होता, म्हणजे टीडीएसच कापला नसता. पैसे जमा झाल्यावर घेऊन गेलं तर काही होत नाही, मग रिटर्न भरूनच परत मागावा लागतो. आणि पॅन आधारला जोडलेलं आहे का ते पाहून घ्या, पॅन बंद पडलेलं असलं तर २ च्या जागी २० टक्के कापतात.

नॉमिनीवाल्यांनी मात्र घाबरू नका. विमाधारक गेल्यावर घरच्यांना मिळणारे पैसे सव्वा पटीच्या पॉलिसीचे असले तरी करमुक्तच. अट फक्त जिवंतपणी मिळणाऱ्या पैशाला आहे. तसंच प्रीमियमची सूट स्वतःच्या, जोडीदाराच्या अन् लेकरांच्या पॉलिसीला मिळते, आईबापाच्या किंवा भावाच्या नाही, पैसे तुम्हीच भरत असले तरी. अन् दोन वर्षांच्या आत पॉलिसी मोडली (युलिप असेल तर पाच) तर आधी घेतलेली ८०सी ची सूट त्या वर्षीच्या उत्पन्नात परत येऊन बसते.

जाता जाता मास्तरांनी पिशवीतून बायकोचा बाँड काढला, २०२१ चा. वर्षाचा प्रीमियम २४,०००, मूळ विमा रक्कम दोन लाख. बारा टक्के झाले! मास्तरांचा चेहरा परत उतरला. मी पान उलटलं. खाली वेगळी ओळ होती, मृत्यूनंतर देय विमा रक्कम, वार्षिक प्रीमियमच्या दहा पट, २,४०,०००. तपासताना हीच ओळ धरायची असते, पूर्ण मुदतीत मृत्यू झाल्यावर कमीत कमी जी रक्कम मिळणार ती, बोनस न धरता. २,४०,००० चे दहा टक्के बरोबर २४,०००, अन् कायद्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं आहे, दहा चालतात. "मंग हे बसते?" बसते म्हटलं मास्तर, काठावर हाये पण बसते.