जोत्याची उंची रस्त्याच्या कुठल्या टोकापासून धरायची?

कळंब्याकडच्या चढावरच्या प्लॉटवर ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावली की पहिला स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, रस्त्याच्या मधोमध, प्लॉटच्या चढाकडच्या टोकाला धरा. समजा वाचन 1.425 मीटर आलं आणि उताराकडच्या टोकाला 1.785. आकडा मोठा म्हणजे जागा खाली, म्हणजे प्लॉटच्या रुंदीतच रस्ता 360 मिमी उतरलाय. गवंडी सवयीने उताराकडून उंची धरतो आणि पावसात चढाचं पाणी दारात येतं.

जोतं चढाच्या टोकापेक्षा 600 मिमी वर हवं असेल, तर 1.425 वजा 0.600, म्हणजे 0.825. स्टाफ वरखाली करून हे वाचन मिळेल तिथे प्रत्येक कोपऱ्यावर स्टाफच्या तळाशी खूण करा. मागच्या कोपऱ्यात जमिनीवर 2.130 आलं, तर तिथे जोतं 1.305 मीटर उंच होईल. भरावाचा अंदाज तेव्हाच घ्या.

यंत्र हलवण्याआधी शेजारच्या पक्क्या भिंतीवर रंगाने बेंचमार्क करा. तिथे 0.960 असेल, तर जोतं त्याच्यापेक्षा 135 मिमी वर. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर 1.210 आलं, तर जोत्याचं वाचन 1.075. कालचा 0.825 आज वापरला, तर जोतं 250 मिमी वर जाईल. ही चूक मी साइटवर पाहिली आहे.

स्टाफ कललेला असला की वाचन जास्त येतं. पोराला तो हळूच पुढे-मागे झुलवायला सांगा आणि सगळ्यात लहान आकडा लिहा.